शिल्लक रुपये तीनशे साठ फक्त

सहकारी बँकेच्या रोखपालाच्या खिडकीमागे एकतीस वर्षे बसलेल्या माणसाला निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी रोख रक्कम द्यावी, हे त्यांना बहुधा अरसिकपणाचे वाटले असावे. त्यामुळे शाल, श्रीफळ आणि गहिवरलेली भाषणे झाल्यावर माझ्या हाती जे पाकीट आले, त्यात नोटा नव्हत्या. त्यात पाच हजार रुपयांचे एक गिफ्ट कार्ड होते. सोनेरी रिबिनीचे चित्र असलेला तो प्लास्टिकचा तुकडा मी सवयीने उजेडाकडे धरून पाहिला, पण त्यात ना सुरक्षा धागा होता, ना जलचिन्ह. पैशासारखे त्याच्यात काहीच दिसेना आणि पुढच्या वर्षभरात ते पैशासारखे वागलेही नाही.

कार्डाच्या मागे सोळा आकडी क्रमांक होता आणि त्याखाली राखाडी पट्टीआड दडलेला सहा आकडी पिन होता. ही पट्टी नखाने हळुवार खरवडायची असते. मी ती दोन रुपयांच्या नाण्याने, शाईचा डाग पुसावा तशा निष्ठेने घासली आणि चौथ्या आकड्याचा डावा भाग पट्टीबरोबर निघून आला. उरला तो तीन होता की आठ, यावर घरात दोन तट पडले. सौभाग्यवतींचे मत तीनचे होते. माझे आठचे होते, कारण मीच घासले होते आणि किती गेले याचा अंदाज मला होता.

जून महिन्याच्या अकरा तारखेला आम्ही दुकानात गेलो, मिक्सर आणि दोन चादरी मिळून चार हजार सहाशे चाळीस रुपयांची खरेदी केली आणि बिलाच्या रांगेत उभे राहिलो. काउंटरवरच्या मुलीने कार्डाचा क्रमांक टाकला, पिन विचारला आणि पडद्याकडे पाहून, आजी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाली, “काका, कार्ड चालत नाहीये.” मी तिला आठऐवजी तीन टाकून पाहायला सांगितले. कार्ड तरीही चाललेच नाही.

तीस-एकतीस वर्षे खिडकीच्या आतून हेच वाक्य मी लोकांना ऐकवले असल्यामुळे त्याचा अर्थ ‘मला पुढे वाचायचा कंटाळा आला आहे’ असा होतो, हे मला पक्के ठाऊक होते. मी मान वाकडी करून पडदा वाचला. तिथे ‘Card not active’ असे लिहिले होते. पिन चुकला असता तर यंत्र पिनाबद्दल बोलले असते आणि रक्कम कमी पडली असती तर शिलकीबद्दल बोलले असते. इथे ते सांगत होते की हे कार्ड अजून जन्मालाच आलेले नाही.

यातली मेख मला त्या दिवशी दुकानाच्या व्यवस्थापकाने समजावून दिली आणि ती कळल्यावर मला त्या कार्डाबद्दल थोडी कणवच वाटली. दुकानाच्या खुंटीवर टांगलेली अशी कार्डे रिकामी असतात. त्यांत पाच हजार तर सोडाच, पाच पैसेही नसतात. ती चोरीला गेली तरी कोणाचे काही जात नाही, म्हणून तर ती उघड्यावर टांगतात. गिऱ्हाइकाने पैसे भरल्यावर काउंटरवरून कार्ड वाचले जाते, त्याचा निरोप कार्ड काढणाऱ्या कंपनीच्या संगणकाकडे जातो आणि तिकडून होकार आला की मगच कार्डात रक्कम बसते. आमच्या शाखेतल्या ज्या तरुण लिपिकाने वर्गणी गोळा करून हे कार्ड आणले होते, त्याच्या वेळी पैसे घेतले गेले, बिलही छापले गेले, पण नेमके तेव्हाच जाळे तुटले आणि तो निरोप काही पोहोचला नाही. म्हणजे बिल होते, कार्ड होते, पैसे दुकानात जमा होते आणि तरीही कार्ड कोरे होते. कार्ड खरोखर चालू झाल्याची खूण वेगळी असते: कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि ‘Activated’ हा शब्द असलेली पावती, बिलाला जोडून किंवा स्वतंत्रपणे, निघावी लागते. ती खरेदीच्या वेळी मागून घ्यायची असते. पण भेट देणारा पावती मागत नाही आणि घेणाऱ्याने मागणे तर शोभतच नाही.

सुदैवाने त्या लिपिकाने मूळ बिल जपून ठेवले होते. (माझ्याच हाताखाली तयार झालेला मुलगा.) त्याने बिलाचे छायाचित्र फोनवर पाठवले, व्यवस्थापकाने कार्ड चालू करून दिले आणि पन्नास मिनिटांनंतर आम्ही मिक्सर घेऊन बाहेर पडलो. पिनातला तो आकडा आठच निघाला. ही गोष्ट मी घरी पोहोचेपर्यंत दोनदा सांगितली.

कार्डात आता तीनशे साठ रुपये उरले. शिवाय मोठ्या खरेदीबद्दल दुकानाने स्वतःचे पाचशे रुपयांचे कागदी व्हाऊचर दिले होते, ते सौभाग्यवतींनी त्याच आठवड्यात चारशे तीस रुपयांच्या परकराच्या कापडावर उडवले आणि उरलेले सत्तर रुपये मागितले. व्हाऊचर एकदाच चालते, त्यातली बाकी परत मिळत नाही, असे तिथल्या मुलाने सांगितले. सत्तर रुपये डोळ्यांदेखत बुडाले, तेव्हा मी मनाशी म्हटले की आपले कार्ड बरे, निदान त्यातली बाकी तरी शाबूत राहते.

ती खरोखरच शाबूत राहिली, इतकी की बाहेर यायलाच तयार होईना. ऑगस्टमध्ये आठशे बेचाळीस रुपयांचा पलंगपोस घेतला आणि कार्ड पुढे केले. काउंटरवर या वेळी एक घाईतला मुलगा होता. त्याने कार्डावर पूर्ण आठशे बेचाळीस टाकले, यंत्राने ‘Insufficient balance’ असे सांगितले आणि त्याने ‘कार्ड रिकामे आहे’ असा निकाल दिला. मी त्याला म्हटले की बाळा, कार्ड रिकामे नाही, तू त्याच्याकडे त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त मागतो आहेस. तीनशे साठ असलेल्या खात्यावर आठशे बेचाळीसचा धनादेश आला, तर बँक असतील तेवढे तीनशे साठ देऊन उरलेल्यांबद्दल दिलगिरी व्यक्त करत नाही. ती सगळाच धनादेश परत करते. या कार्डाचे तसेच आहे. आधी शिल्लक पाहायची, कार्डावर बरोबर तीनशे साठ टाकायचे, ते वजा झाले की उरलेले चारशे ब्याऐंशी रोख घ्यायचे. बिल दोन प्रकारांत तोडले की झाले.

माझे हे व्याख्यान चालू असताना मागच्या रांगेत नऊ माणसे जमली होती आणि त्यांपैकी एका बाईंच्या कडेवरच्या बाळाने माझ्याविरुद्ध मत नोंदवायला सुरुवात केली होती. बिल तोडण्यासाठी वरिष्ठांची किल्ली लागते आणि वरिष्ठ जेवायला गेले आहेत, असे मुलाने सांगितले. सौभाग्यवतींनी माझ्या खांद्यावरून फोन पुढे करून क्षणात सगळे पैसे भरले. घरी आल्यावर मी कंपनीच्या संकेतस्थळावर शिल्लक तपासली. रुपये तीनशे साठ फक्त, जागच्या जागी. कार्ड मी कपाटात, मुदत ठेवींच्या पावत्यांच्या फाइलीत ठेवून दिले.

इथे माझ्यातला बँकवाला नडला. बँकेच्या खात्यावर दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय होते, आणि दहा वर्षे कोणी फिरकले नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते. तिथूनही खातेदाराला ती मागता येते. या उदार वातावरणात वाढल्यामुळे कार्डाच्या मुदतीचे एक वर्ष शेवटच्या खरेदीपासून मोजायचे, असे मी गृहीत धरले. ते मोजायचे असते कार्ड चालू झाल्याच्या दिवसापासून. गिफ्ट कार्डात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, त्यामुळे वर्ष नव्याने सुरू होण्याचा प्रश्नच येत नाही. मी पुढच्या जूनच्या एकोणीस तारखेला कार्ड घेऊन गेलो, तेव्हा ते नऊ दिवसांपूर्वीच वारले होते.

मुदत संपण्याआधीच्या पंचेचाळीस दिवसांत कार्ड काढणाऱ्याने धारकाला सूचना द्यायची असते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि कंपनीने तो निष्ठेने पाळला होता. फक्त खरेदीच्या वेळी नोंदवलेला मोबाइल क्रमांक त्या तरुण लिपिकाचा होता. त्याला तीन संदेश आले. तिन्ही त्याने जाहिरात समजून पुसून टाकले.

दुकानाने हात वर केले, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. कार्डाच्या मागे अगदी तळाशी, भिंगाने वाचावे अशा अक्षरांत, ते काढणाऱ्या कंपनीचे नाव होते आणि ती कंपनी दुकानाहून निराळी होती. सगळा फरक इथेच पडतो. दुकानाने फक्त आपल्याच मालासाठी काढलेले व्हाऊचर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत येत नाही. तिथे दुकानाच्या अटी आणि व्यवस्थापकाचा मूड यांवर भिस्त ठेवावी लागते. पण त्रयस्थ कंपनीने अनेक दुकानांसाठी काढलेले कार्ड हे प्रीपेड साधन ठरते आणि त्याला 2021 चे निर्देश लागू होतात. त्यांनुसार मुदत किमान एक वर्षाची हवी, संपल्यावरही उरलेली रक्कम कंपनीला तीन वर्षे आपल्या नफ्यात ओढता येत नाही आणि धारकाने मागितल्यास गिफ्ट कार्डाची मुदत नवे कार्ड देऊनही वाढवता येते. रोख मात्र मिळत नाही. ते निर्देश वाचताना मला नोकरीत परतल्यासारखे वाटले.

मी कंपनीला ईमेल लिहिली. सोबत कार्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे जोडली (पिनावर बोट ठेवून), कार्ड चालू केल्याची पावती जोडली आणि नवा मोबाइल क्रमांक म्हणून माझा दिला. पहिले उत्तर ‘आपली गैरसोय झाल्याबद्दल खेद वाटतो’ असे यांत्रिक आले. दुसऱ्या पत्रात मी ‘तीस दिवसांत निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे’ हे शब्द घातले, आणि नवव्या दिवशी ईमेलवर नवे कार्ड आले: सोळा आकडे, सहा आकडी पिन, खरवडण्यासारखे काही नाही, रुपये तीनशे साठ.

त्याच संध्याकाळी मी दुकानात गेलो. बिल तोडण्याचा प्रसंगच येऊ नये म्हणून तासभर फिरून तीनशे साठच्या आत बसणारी वस्तू शोधली. स्वयंपाकघरातल्या पुसण्यांचा संच तीनशे एकोणसाठ रुपयांना मिळाला. आधी शिल्लक पाहायला सांगितली, सोळा आकडे चार-चारच्या गटांत मोजून सांगितले, आणि यंत्रातून पावती सुर्रकन बाहेर आली. काउंटरवरची मुलगी पहिल्या दिवसाचीच होती. तिने पावती माझ्या हातात देत म्हटले, “काका, अजून एक रुपया आहे हं कार्डावर.”

गेल्या आठवड्यापासून मला संदेश येऊ लागले आहेत. आपल्या गिफ्ट कार्डाची मुदत लवकरच संपत असून त्यात रुपये 1.00 एवढी शिल्लक आहे, कृपया त्वरित लाभ घ्यावा. पंचेचाळीस दिवसांपैकी अजून अडतीस बाकी आहेत.