आठवीत मूल पुन्हा बसवलं की पुढे काय होतं

मुलांना नापास करण्याच्या बाजूने असा एक संदेश फिरतो: «ढकलपासने एक अख्खी पिढी वाया घालवली. कच्च्या मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसवा, पाया पक्का होतो. नापास व्हायची भीती असली की पोरं आपोआप अभ्यासाला लागतात. एक वर्ष गेलं तर काय बिघडतं? आणि शाळा सोडणारी मुलं तशीही सोडणारच होती, त्याचं खापर नापास करण्यावर फोडू नका.»

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण या संदेशातला खरा तगडा आक्षेप तेवढाच आहे.

नापास झालेली मुलं पुढे जास्त प्रमाणात शाळा सोडतात, हे कुठल्याही शाळेचं रजिस्टर उघडलं तरी दिसतं. पण तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. ज्या मुलाला घरी मदत नाही, जे सतत गैरहजर असतं किंवा आजारी असतं, तेच नापासही होतं आणि तेच शाळाही सोडतं. नापास केलं नसतं तरी त्याने शाळा सोडली असती, असं म्हणायला इथे जागा उरते. थॉमस होम्स यांनी 1989 मध्ये या विषयावरचे 63 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा 54 अभ्यासांत मुलांना पुन्हा बसवण्याचा एकूण परिणाम वाईट दिसला. नापास करण्याच्या विरोधातली मंडळी हा आकडा अजून मिरवतात. मला तो मिरवावासा वाटत नाही, कारण पुन्हा बसलेलं मूल आणि त्याच्याशी ताडून पाहिलेलं पुढे गेलेलं मूल खरोखर सारखी होती याची खात्री त्या काळच्या बहुतेक अभ्यासांना देता येत नव्हती.

ही अडचण पुढे एका साध्या युक्तीने सुटली. समजा, पुढच्या वर्गात जायला 40 गुण लागतात. एका मुलाला 40 मिळाले, दुसऱ्याला 39. या दोघांच्या हुशारीत, घरच्या परिस्थितीत, अभ्यासाच्या सवयीत सरासरीने काहीही फरक नसतो. एखादं उत्तर अंदाजाने बरोबर आलं किंवा आदल्या रात्री झोप नीट झाली नाही, एवढ्यावर तो एक गुण इकडचा तिकडे होतो. पण एक पुढे जातो आणि एक मागे राहतो. अशी रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची हजारो मुलं घेऊन काही वर्षांनी पाहिलं आणि त्यांच्यात फरक आढळला, तर तो मागे बसवण्यामुळेच पडलेला असणार. ‘तशीही सोडणारच होती’ हे इथे म्हणता येत नाही, कारण तशीच मुलं रेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत.

शिकागोच्या सरकारी शाळांनी 1996 मध्ये सरसकट वर चढवणं बंद केलं. तिसरी, सहावी आणि आठवीला गुणांची रेषा आखली. रेषेखाली राहिलेल्यांना उन्हाळी वर्ग, मग पुन्हा परीक्षा, आणि तिथेही अडकले तर तोच वर्ग पुन्हा. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन या अर्थतज्ज्ञांनी या रेषेच्या दोन्ही बाजूंची मुलं मोठी होईपर्यंतच्या नोंदी पाहिल्या. सहावीत मागे बसवलेल्यांच्या शालेय शिक्षण पूर्ण करण्यावर परिणाम दिसला नाही. आठवीत मागे बसवलेल्या कच्च्या मुलांची गळती मात्र वाढली. लुइझियाना राज्यातही आठवीच्या परीक्षेवर अशीच रेषा होती. तिथे गळती तर वाढलीच, शिवाय आठवीत मागे राहिलेल्यांना वयाच्या 25 वर्षांपर्यंत गुन्ह्यात शिक्षा होण्याचं प्रमाणही वाढल्याचं आढळलं. उरुग्वेत माध्यमिक शाळेच्या सुरुवातीच्या वर्गांत नियम असा होता की तीनपेक्षा जास्त विषय गेले तर वर्ष पुन्हा. मार्को मानाकोर्डा यांनी तीन विषय गेलेल्या आणि चार विषय गेलेल्या मुलांची तुलना केली. चार विषयवाल्यांनी जास्त प्रमाणात शाळा सोडली होती, आणि चार-पाच वर्षांनंतरही त्यांचं एकूण शिक्षण कमीच राहिलं होतं.

तीन वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या नियमांखाली, वरच्या वर्गात मागे बसवण्याचा परिणाम एकाच दिशेने जातो. खापर फोडायला एवढं पुरेसं आहे.

‘एक वर्ष गेलं तर काय बिघडतं’ याचा हिशेब मांडून पाहू. दोन मुलं 14व्या वर्षी आठवीची परीक्षा देतात. पुढे गेलेला 16व्या वर्षी दहावी संपवतो, बारावीला त्याची दोन वर्षं उरतात. मागे बसलेला 16व्या वर्षी नववी संपवतो आणि त्याच्यापुढे अजून तीन वर्षं असतात. अनेक देशांत याच वयाच्या आसपास शाळेची सक्ती संपते, कमावण्याच्या वाटा दिसू लागतात, आणि घरातली माणसंही ‘अजून किती वर्षं?’ असं विचारू लागतात. त्या प्रश्नाचं उत्तर एका वर्षाने लांबलेलं असतं. त्यात बरोबरीची मुलं पुढच्या वर्गात, आणि हा वर्गात सगळ्यांत थोराड. इथे कुणी म्हणेल की तिसरीत मागे राहिलेलं मूलही पुढे कायम एक वर्षाने मोठंच असतं. बरोबर आहे, म्हणून वय हे एकटं कारण नसावं. माझ्या मते फरक वेळेचा आहे. आठ वर्षांच्या मुलाला नव्या वर्गात रुळायला आणि नवे मित्र करायला कितीतरी वर्षं मिळतात. तेरा-चौदाव्या वर्षी मात्र तो धक्का नेमका शाळेत राहायचं की नाही हे ठरण्याच्या तोंडावर बसतो.

आता पाया पक्का होण्याबद्दल. या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा फ्लोरिडाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं लबाडी ठरेल. तिथे 2002 च्या कायद्याने तिसरीच्या वाचनाच्या परीक्षेत सर्वांत खालच्या पातळीवर राहिलेल्या मुलांना मागे ठेवायला सुरुवात झाली. पण त्यांना नुसतं त्याच बाकावर बसवलं नाही. सुट्टीत वाचनाचा वर्ग, शाळेत रोज 90 मिनिटं वाचनाचं शिक्षण, चांगली कामगिरी असलेला शिक्षक आणि प्रत्येक मुलासाठी वेगळा आराखडा, असं सगळं त्या वर्षासोबत आलं. श्वेर्ट, वेस्ट आणि विंटर्स या संशोधकांनी ही मुलं पुढे कशी निघाली हे पाहिलं.

इथे तुलना कुणाशी करता यावर उत्तर बदलतं. मागे राहिलेला मुलगा चौथीत येतो तेव्हा तो 10 वर्षांचा असतो, पुढे गेलेला मुलगा चौथीत होता तेव्हा 9 वर्षांचा. चौथीतल्या दोघांचे गुण ताडले तर मोठा वरचढ दिसणारच, त्याला एक वर्ष जास्त मिळालं आहे. फ्लोरिडातही एकाच इयत्तेची तुलना केली तर मागे राहिलेल्यांची आघाडी दहावीपर्यंत टिकली, त्यांचे शाळेतले गुण सुधारले आणि वरच्या वर्गांत त्यांना उजळणीचे विषय कमी घ्यावे लागले. एकाच वयाची तुलना केली तर मात्र सुरुवातीचा मोठा फायदा काही वर्षांत पूर्ण विरून गेला. आणि शालेय शिक्षण पूर्ण करण्याच्या शक्यतेवर काहीही परिणाम झाला नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. ‘आमच्या शाळेत मागे ठेवलेली मुलं दुसऱ्या खेपेला छान पास झाली’ असं कुणी सांगितलं की पहिल्यांदा विचारावं, कोणाच्या तुलनेत? आणि त्या वर्षात शिकवण्यात काय बदललं होतं? तेच पुस्तक, तेच शिक्षक, तीच घाई असेल, तर पहिल्या वर्षी जे समजलं नाही ते दुसऱ्या वर्षी कशाने समजेल, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

भीतीचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. शिकागोत मेलिसा रॉडरिक आणि मिमी एंगल यांनी अशा 102 कच्च्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. नापास होण्याच्या धाकाने बहुतेकांनी खरंच जास्त अभ्यास केला. पण सुमारे एक तृतीयांश मुलांनी, नापास व्हायची इच्छा नसूनही, फारसे प्रयत्न केले नाहीत, आणि ही मुलं बरोबरीच्यांपेक्षा जास्त मागे पडलेली होती. म्हणजे धाक रेषेजवळच्याला ढकलतो. रेषा ज्याच्या नजरेच्या टप्प्यातच नाही, त्याला तो हलवत नाही, आणि शेवटी मागे बसतं तेही तेच मूल. या रेषेच्या अभ्यासांची एक मर्यादाही इथेच सांगायला हवी. ते रेषेलगतच्या मुलांबद्दल बोलतात. फार खोल अडकलेल्या मुलांवर मागे बसवण्याचा काय परिणाम होतो, हे त्यांतून तितकंसं कळत नाही.

राहिलं ढकलपास. वाचता न येणाऱ्या मुलाला काहीही न करता वर ढकलणं वाईटच आहे, त्यावर वाद नाही. पण हा संदेश गृहीत धरतो की वाटा दोनच, ढकला किंवा थांबवा. मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत 2001 ते 2003 या काळात तिसरी वाट तपासली गेली. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात तिसरी-चौथीतल्या कच्च्या मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन, वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी 15-20 जणांच्या गटात वाचन आणि गणिताचा पाया शिकवायची. उरलेला वेळ मूल आपल्याच वर्गात, आपल्याच वयाच्या मुलांत. मुलं नशिबाच्या सोडतीने निवडलेल्या शाळांत होती, त्यामुळे तुलना स्वच्छ होती. गुण स्पष्टपणे वाढले, आणि वाढ झाली ती मुख्यतः मागे पडलेल्या मुलांमध्ये. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात ती वाढ बरीच ओसरली, पण पुसली गेली नाही. फ्लोरिडातलं मूल त्यासाठी वयाचं एक वर्ष खर्चून बसलं होतं. इथे तो खर्च नव्हता.