एक लिटरचे नव्वद ग्रॅम

आज सकाळी मास्तरांनी भर दुकानात मला चोर ठरवलं. तेही उधारीवर नेलेल्या तेलासाठी.

बाबांना कावीळ झाल्यापासून महिनाभर वही माझ्याकडे आहे. गिऱ्हाईक येतं, मला बघतं आणि विचारतं, "दुकानात कोण नाय?" मी असते, पण ते धरत नाहीत.

वहीत एक गोष्ट खटकत होती. तेलाचा डबा जमेला पंधरा किलो, पण विक्री साडेतेराच्या वर जाईना. आधी मी सांडलवंड धरली, मग कामाच्या पोराकडे वाकड्या नजरेनं पाहिलं. (त्याची माफी अजून मागायची आहे.) शेवटी डब्यावरचं बारीक छापलेलं वाचलं: 15 लिटर, 13.65 किलो. पूर्वी पंधरा किलोचा डबा यायचा. घाऊकवाल्याने कधीतरी लिटरचा आणला, दिसायला तस्साच. शंभर रुपये स्वस्त म्हणून बाबा खूश. डबा 2,150 ला, किलोला 155 दर, म्हणजे बाबांच्या हिशेबी नफा 175. प्रत्यक्षात 13.65 किलोचे आले 2,116. प्रत्येक डब्यामागे 34 रुपये घालून आम्ही गावाला तेल पाजत होतो. (सुटं तेल विकायला मनाई आहे, ठाऊक आहे. तक्रार नंतर करा.)

हे बाबांना सांगत होते, तर उशाशी मास्तर. चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त, आता आमच्या बाकड्यावर रुजू.

"लिटर म्हणजेच किलो, गो. चवथीच्या पुस्तकात असा."

"तां पाण्याचां, मास्तर. तेल पाण्यार तरंगता मा?"

"तरंगता. म्हणान काय झाला?"

"म्हणजे हलकां. लिटरभर तेल नऊशे दहा ग्रॅम."

मास्तर बाबांकडे वळले. "पोरग्याक शिकवलंस असतंस तर बरा झाला असता."

बाबा मऊ भात चिवडत गप्प. मला त्या गप्प बसण्याचा राग जास्त आला. रात्री मात्र त्यांनी कपाटावरचं लिटरचं माप काढून दिलं. कालपासून तेल मापाने, लिटरला 155. किलोनेच हवं असेल त्याला 170, हिशेब तोच.

पहिला लिटर मास्तरांनी नेला. घरी ताजव्यात घातला, बाटलीचं वजन वजा करून. आणि आज सकाळी बाटली नाचवत हजर.

"नव्वद ग्रॅम कमी! तुझो लिटर खोटो!"

"पण लिटर म्हणजे किलोच ना, मास्तर?"

"म्हणानच विचारतंय, किलो खंय गेलो?"

"किलोन व्हया तर एकशे सत्तर."

"ही लूट!" मास्तर बाकड्यावर बसले. "दर लिटरचो लाव, माप किलोचा दी. आणि लिहून ठेव."

मी लिहिलं. मास्तर, तेल, 1 लिटर, 910 ग्रॅम, 155 रुपये, बाकी. मागच्या पानावर त्यांचीच बाकी आहे, गणपतीपासूनची.