मॅट काळ्या सायकलवरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

«लेख म्हणजे म्हातारपणाचं लक्षण आहे. पोरगं मॅट ब्लॅक मागतंय तर मॅट ब्लॅक घ्या, त्यावर ओरखडे दिसतच नाहीत. पिवळ्या सायकलीची दोन महिन्यांत रया जाते. रात्री तसाही कुठलाच रंग दिसत नाही, लाइट लावला की झालं. स्वतःची आवड पोरांवर लादू नका.»
– एक पालक, राजारामपुरी

नमस्कार. पोरांना मॅट काळी सायकल घेण्यापेक्षा साध्या, चकाकीच्या रंगाची, पिवळ्यासारखी घ्या, असं मी लेखात लिहिलं होतं; त्यावर तुमचं हे पत्र. मत वेगळं असू द्या, पण 'म्हातारपणाचं लक्षण' हे काय लिहिणं झालं? तुमची माझी ओळख नाही, पाळख नाही. गंगावेशीत आमच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आलो की दप्तर टाकून मी तिथंच बसायचो. ओरखडा कुठं पडतो, कशानं पडतो आणि कुठला निघतो, हे मी हातानं घासून शिकलोय. शंका होती तर विचारायची होती, वय कशाला काढायचं?

रात्रीचं तुमचं बरोबर आहे. अंधारात लाइट आणि रिफ्लेक्टरच कामाला येतात, रंग नाही. तेवढं मान्य.

पण 'ओरखडे दिसतच नाहीत' हे जे तुम्ही ठोकून दिलंय, ते मात्र मी सोडणार नाही. मॅट रंग मंद दिसतो तो वरच्या पारदर्शक थरामुळे. तो थर मुद्दाम बारीक खरखरीत ठेवलेला असतो, म्हणजे पडलेला उजेड विखुरतो. ती खरखर जिथं घासली जाते, तिथं थर गुळगुळीत होतो आणि चमकायला लागतो. त्यासाठी अपघात लागत नाही. पँट घासली, हँडलला अडकवलेली पिशवी घासली, ब्रेकची केबल वळताना घासली, तरी पुरतं.

माझ्या भाच्याची सायकल मॅट काळी. शाळेच्या स्टँडला सायकली एकमेकींत घुसवून लावतात. शेजारच्या सायकलीचा ब्रेक याच्या वरच्या दांड्यावरून ओढला गेला आणि वीतभर पांढरट रेघ उठली. त्यानं दुकानातून रबिंग कंपाऊंड आणलं आणि तासभर घासलं. रेघ फिकी झाली, पण तिच्याभोवती दोन बोटं रुंदीचा चकचकीत पट्टा उठला. आता लांबूनही पहिल्यांदा तोच दिसतो. त्याला इलाज नाही. परत मॅट करायचा तर पुऱ्या दांड्याला रंग मारावा लागतो.

त्याच स्टँडला माझी पुतणी साधी चकाकी असलेली पिवळी सायकल लावते. तिच्यावरही ओरखडे पडलेच. ते मी कसे बघतो ते सांगतो. ओलं बोट फिरवायचं. पाणी असेपर्यंत रेघ गायब झाली, तर ती वरच्या थरातच आहे; मऊ कापडावर कंपाऊंड घेऊन हलक्या हातानं घासली की निघते. रेघेत नख अडकलं तर ती खोल गेलीय. मग जागा धुऊन, वाळवून, स्पिरिटनं पुसायची आणि बारीक ब्रशनं जुळता रंग पातळ दोन थरांत भरायचा, पहिला पुरता वाळल्यावर दुसरा. लोखंड उघडं पडून गंज धरला असेल तर आधी बारीक पॉलिश पेपर आणि प्राइमर. आपल्याकडच्या पावसात हे पुढं ढकललं की गंज रंगाखालून सरकतो. साधा पिवळा जुळून जातो. मेटॅलिक जुळत नाही, कारण ब्रशनं भरलं की त्यातली चमकी वेगळी बसते आणि डाग दिसतो. म्हणून मी लेखात साधा, चकाकीचा रंग म्हटलं होतं. तुम्ही 'पिवळा' वाचलंत आणि चिडलात.

दिसण्याबद्दल एकच सांगतो. पोरं क्लासवरून सुटतात ती भर रात्री नव्हे, दिवेलागणीला, निम्म्या गाड्यांचे लाइट लागायच्या आधी. ओल्या डांबरावर मॅट काळी सायकल त्या वेळेला मिसळून जाते. लाल तर उजेड कमी झाला की सगळ्यांत आधी काळपट पडतो, तो उठून दिसतो म्हणून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पिवळा बराच वेळ टिकतो. मागून मात्र दांडा दिसतच नाही, मडगार्ड आणि पाठीवरचं दप्तर दिसतं. म्हणून दप्तराचं कव्हर भडक घ्यावं, हेही लेखात होतं.

आवड लादायचा आरोप तर मला मुळीच मान्य नाही. पुतणीनं ग्रिप, सीट, पेडल सगळं स्वतः निवडलं, आणि सगळं काळं निवडलं. मी हूं की चूं केलं नाही.

तुमची मॅट काळी घेऊन झालीच असेल, तर केबल जिथं घासते तिथं, हँडलखालच्या आखूड नळीवर, आजच पारदर्शक फिल्म चिकटवा. मात्र मॅट फिल्म मागा, नाहीतर तेवढाच तुकडा चमकेल. मागच्या मडगार्डला काळी रिफ्लेक्टिव्ह टेप लावा. ती दिवसा काळीच दिसते आणि हेडलाइट पडला की उजळते. पांढरीइतकी नाही उजळत, पण पोरगं ती काढून टाकणार नाही.