लाडवांचा डबा फुकट पाठवला, तरी ती जाहिरातच

«गृहउद्योग करणाऱ्या भगिनींनो, घाबरू नका. ‘अ‍ॅड’, ‘पेड’ वगैरे लिहायचे नियम सेलिब्रिटींसाठी आहेत, आपल्यासाठी नाहीत. आपण पैसे देत नाही, फक्त एक डबा चाखायला पाठवतो, ती जाहिरात होत नाही. अगदीच वाटलं तर शेवटी हॅशटॅगमध्ये #collab टाका. ग्राहकाने लिहिलेला अनुभव टाकला तर तो दावा आपला नसतो. आणि जाहिरात म्हटली की थोडं वाढवून सांगायचंच. खाली ‘अटी लागू’ लिहिलं की प्रश्न मिटला.»

हा निरोप मला एका ताईंनी पाठवला आणि खाली विचारलं, «बरोबर आहे ना?» त्या घरी डिंकाचे आणि नाचणीचे लाडू करून विकतात, मी त्यांची लेबलं आणि जाहिरातीचा मजकूर बघून देते. त्यांनी नुकताच एका रील करणाऱ्या मुलीला 850 रुपयांचा डबा पाठवला होता. तिचे फॉलोअर असतील आठ-नऊ हजार. रील 45 सेकंदांचा, सुरुवात अशी: «गल्लीबोळ पालथे घालून शोधलेत हे लाडू!» शोधले वगैरे काही नव्हते, ते कुरिअरने घरपोच गेले होते. तेव्हा याच डब्याच्या मागे मागे जाऊ.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधली जाहिरातीची व्याख्या एकदा वाचण्यासारखी आहे. छापील मजकूर, इंटरनेट, लेबल, वेष्टन, बिल हे सगळं तिच्यात येतंच, शिवाय प्रकाश, आवाज, धूर आणि वायूसुद्धा! उलाढाल अमुक लाखांच्या खाली असेल तर सूट, असं मात्र त्या व्याख्येत कुठेच नाही. रील करणाऱ्यांसाठी ग्राहक व्यवहार विभागाने 20 जानेवारी 2023 ला वेगळी मार्गदर्शिका काढली. तिच्यात नामवंतांच्या बरोबरीने इन्फ्लुएन्सर आहेत आणि फॉलोअरची किमान संख्या दिलेली नाही.

त्या निरोपात खरं एवढंच, की लाडूवालीला आणि मोठ्या कंपनीला एकाच मापाने दंड होणार नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला किंवा शिफारस करणाऱ्याला 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड लागू शकतो, पण या वरच्या मर्यादा आहेत. दंड ठरवताना किती लोकांवर परिणाम झाला, जाहिरात किती वेळा आणि किती काळ चालली, फसणारे लोक किती असहाय आहेत आणि त्या जाहिरातीमुळे विक्री किती झाली, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बघायचं असतं. जाहिरात थांबवा किंवा बदला, एवढाच आदेशही ते देऊ शकतं. म्हणजे लहानपण दंडाच्या आकड्यात मोजलं जातं, नियमातून सुटका देत नाही.

आता डबा. 2023 च्या मार्गदर्शिकेत कोणते संबंध उघड करायचे याची यादी आहे: पैसे, सवलत, भेटवस्तू, सहल, हॉटेलातला मुक्काम, एकमेकांच्या कामाची अदलाबदल, आणि फुकट दिलेली वस्तू. फुकट वस्तूपुढे स्पष्ट म्हटलंय, अट घालून दिलेली असो वा न घालता. «तुला वाटलं तर टाक गं, नाहीतर राहू दे» असं म्हणून पाठवलेला डबाही त्यात आला. यादीत नातंही आहे. त्यामुळे नणंदेने स्वतःच्या खात्यावरून «हे लाडू घ्याच» म्हटलं, तर आपण नणंद आहोत हेही तिने सांगायला हवं. (इथे ताई जरा गप्प झाल्या. पहिला रील नणंदेचाच होता.)

यामागचा विचार सोपा आहे. बघणाऱ्याला तो संबंध आधी कळला असता तर त्याने शिफारशीला तेवढंच वजन दिलं असतं का? आणि सांगितल्याशिवाय तो त्याच्या लक्षात आला असता का? ताई स्वतःच्या दुकानाच्या पानावर «आमचे लाडू» म्हणतात तेव्हा कोण बोलतंय हे उघडच असतं, तिथे वेगळी पाटी नको. त्या मुलीने स्वतः 850 रुपये मोजून डबा मागवला असता, तरीही नको. पण «शोधून काढलेत» या शब्दांची सगळी मजा ती त्रयस्थ आहे या समजुतीवर उभी होती.

हॅशटॅगच्या बाबतीत तर निरोप अगदी उलटं सांगतो. उघड करणारा शब्द हॅशटॅगच्या आणि लिंकच्या गर्दीत मिसळू नये, असं मार्गदर्शिका म्हणते. तो पटकन दिसावा आणि शिफारस ज्या भाषेत आहे त्याच भाषेत असावा. चित्र असेल तर चित्रावरच लिहायचा. व्हिडिओ असेल तर दिसायलाही हवा आणि ऐकूही यायला हवा. लाइव्ह असेल तर पूर्ण वेळ पडद्यावर. जाहिरातदारांनी स्वतःच 1985 साली स्थापन केलेली ‘आस्की’ ही मुंबईची स्वयंनियमन संस्था याला मोजमापही देते. 15 सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत पाटी किमान 3 सेकंद, दोन मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. आपला रील 45 सेकंदांचा, म्हणजे 15 सेकंद. खालच्या मजकुरात तो शब्द पहिल्या दोन ओळींत हवा, म्हणजे ‘अजून बघा’ दाबायची वेळ येत नाही.

इथे दोन गफलती मी वारंवार बघते. इन्स्टाग्रामवर दोन खात्यांची मिळून एक पोस्ट टाकता येते, तिला लोक ‘कोलॅब’ म्हणतात आणि वर दोन नावं दिसली की झालं असं धरून चालतात. ती नुसती सामायिक पोस्ट. कोणी कोणाला काय दिलं, हे दोन नावांवरून कळत नाही. दुसरी गफलत ‘पेड पार्टनरशिप’च्या पाटीची. ती जरूर लावा, पण तोच रील कोणी उतरवून व्हॉट्सॅप स्टेटसला टाकला की ती पाटी मागेच राहते. व्हिडिओवर लिहिलेले आणि तोंडाने म्हटलेले शब्द मात्र सोबत जातात. ताईंच्या रीलवर आम्ही लिहिलं, «जाहिरात: हा डबा मला मोफत मिळाला», आणि मुलीने सुरुवातीलाच ते म्हटलं. ‘शोधून काढलेत’ अर्थातच गेलं.

ग्राहकाच्या अनुभवाचा मुद्दा सगळ्यांत घातक, म्हणून त्यावर थोडं थांबते. ताईंच्या पानावर एका ग्राहकाच्या निरोपाचा स्क्रीनशॉट कायमचा वर लावलेला होता: «तुमचे नाचणीचे लाडू सुरू केल्यापासून बाबांची शुगर 240 वरून 140 वर आली.» निरोप खरा होता, नाव झाकलेलं होतं, ताईंनी काही रचलं नव्हतं. पण शंभर निरोपांतून हा एक निवडून लाडवांच्या फोटोशेजारी लावला कोणी? ताईंनी. तो त्यांच्या जाहिरातीचा भाग झाला आणि त्यातला दावा त्यांचा. अनुभव खरा असणं पुरेसं नाही, त्यावरून काढलेला निष्कर्षही टिकायला हवा. बाबांच्या गोळ्या त्याच महिन्यात बदलल्या का, पहिली तपासणी जेवल्यानंतरची आणि दुसरी उपाशीपोटीची होती का, हे ताईंना माहीत असण्याचं कारणच नाही.

शिवाय लाडू हे अन्न आहे. अन्नपदार्थाच्या जाहिरातीत तो आजार टाळतो, कमी करतो किंवा बरा करतो असा दावा, खास परवानगी नसेल तर करता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न सुरक्षा कायद्यातही 10 लाखांपर्यंत दंड आहे. उद्या तेच नाचणी-मेथीचं मिश्रण ‘मधुमेहाचं चूर्ण’ म्हणून विकायला घेतलं, तर औषधं आणि जादूच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या 1954 च्या कायद्याशी गाठ पडेल, कारण त्याच्या आजारांच्या यादीत मधुमेह आहे. आणि असहाय ग्राहक म्हणजे कोण, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. साखर वाढलेला म्हातारा माणूस ती जाहिरात वाचतो आणि रोज दोन लाडू खातो.

त्याच पानावर ‘साखर नाही’ असंही लिहिलेलं होतं, कारण लाडू गुळाचे. गुळात साधारण ऐंशी टक्क्यांच्या वर साखरच असते. ताईंच्या प्रमाणाने 100 ग्रॅम लाडवात 30 ग्रॅम गूळ जातो, म्हणजे 24 ग्रॅमच्या आसपास साखर. ‘शुगर फ्री’ म्हणायला 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ‘साखर घातलेली नाही’ म्हणायचं तर कोणत्याच रूपातली साखर घालता येत नाही, मधसुद्धा नाही. आम्ही ‘गुळाचे लाडू’ एवढंच ठेवलं. ग्राहकाचा निरोप काढला आणि त्याच बाईंचा दुसरा, «डिंक छान फुलवलाय, तुपाचा वास घरभर», तो त्यांना विचारून लावला.

वाढवून सांगण्याला पूर्ण बंदी नाही. ‘जगात भारी लाडू’ म्हटलं तर कोणी जगभरातल्या लाडवांची मोजणी मागत नाही. उघड अतिशयोक्ती आस्कीच्या संहितेलाही चालते. पण ‘महाराष्ट्रात नंबर 1’ किंवा ‘100% नैसर्गिक’ हे मोजता किंवा तपासता येण्यासारखं विधान आहे, त्याला पुरावा लागतो. ‘100%’ हा शब्दच अन्नाच्या लेबलांवर आणि जाहिरातींत वापरू नका, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2025 मध्ये कळवलंय.

‘अटी लागू’ने मात्र काहीच मिटत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खालची टीप वरचा दावा समजावून सांगू शकते, पण खोटा दावा दुरुस्त करू शकत नाही आणि महत्त्वाची गोष्ट लपवू शकत नाही. ती दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टायपात हवी. ताईंच्या चित्रावर मोठ्या मराठी अक्षरांत ‘घरपोच मोफत’ होतं आणि तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजीत लिहिलं होतं, की 1,500 रुपयांच्या वरच. आता एकाच आकारात एकच ओळ आहे: «1,500 रुपयांच्या वर घरपोच मोफत.»

रील करणाऱ्या मुलीलाही यातून एक गोष्ट मिळाली. शिफारस करण्याआधी दावे नीट पडताळून पाहिले असतील, तर कायदा शिफारस करणाऱ्याला दंडातून सोडतो. म्हणून ताई आता डब्यासोबत एक कागद घालतात: घटक, गुळाचं प्रमाण, नोंदणी क्रमांक, आणि ‘मधुमेह, वजन, सांधेदुखी यांबद्दल काही बोलू नये’. मुलीने उलट टपाली विचारलं, तूप घरचं आहे की विकतचं. विकतचं आहे. रीलमध्ये तेच सांगितलं.