सही करतो तोच मालक!

मुंबईत रिसेलचा फ्लॅट घेताय? अभिनंदन. मग पहिला सल्ला ऐका. विकणारा नक्की कोण, हे अजिबात विचारू नका. एजंटला वाईट वाटतं.

समोर जे काका बसलेत, ज्यांनी चहा सांगितला, ज्यांच्या खिशात किल्ली आहे, तेच मालक. करारनाम्याच्या पहिल्या पानावर ‘यांच्यातर्फे कुलमुखत्यार’ असं छापलेलं असतं, पण ‘तर्फे’ वाचत बसायला वेळ कुणाला आहे? मला नव्हता. मुलुंडचा नव्वद लाखांचा वन बीएचके, लिफ्ट चालू, पाणी चोवीस तास. अशा वेळी शब्द कोण मोजतं!

टोकनचा चेक काकांच्याच नावाने फाडा. मालकाच्या एनआरओ या अनिवासींच्या बँक खात्यात टाका वगैरे म्हणणारे लोक संशयी असतात.

आता टीडीएस. पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर खरेदीदाराने एक टक्का कापायचा, हे आपल्याला पाठ असतं. तेव्हा बिनधास्त आयकराचं पोर्टल उघडा, घराच्या टीडीएसचा फॉर्म भरा आणि विक्रेत्याच्या पॅनच्या रकान्यात काकांचा पॅन ठोकून द्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मी तेच केलं, फॉर्म तेव्हा 26QB होता. दहा लाखांच्या टोकनवर दहा हजार कापले, चलन भरलं, आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, “बघ, सीए कशाला हवा?”

सीए महिनाभराने लागलाच. त्यांनी कागद चाळले आणि एकच विचारलं, “मालक कुठे असतात?”

मालक म्हणजे काकांचे धाकटे बंधू. टोरोंटोत, बारा वर्षं. कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून आलं होतं. त्याचा शिक्का मी चांगला दोनदा पाहिला होता, वर “काय सुबक आहे हो” असंही म्हणालो होतो! तो शिक्का काय ओरडून सांगतोय, हे मात्र डोक्यात शिरलं नाही.

सीएंनी सांगितलं ते असं. काका फक्त सही करणारा हात. घर विकतोय भाऊ, नफा भावाला, कर भावावर, म्हणून पॅन भावाचा. आणि भाऊ कराच्या दृष्टीने अनिवासी, म्हणून एक टक्क्याचं कलम इथे लागूच नाही. तेव्हाच्या कायद्यातलं, अनिवासींना दिलेल्या पैशांचं १९५ कलम लागत होतं. काका मुलुंडात जन्मले, वाढले, रोज स्टेशनवर वडापाव खातात, याने काही फरक पडत नाही. निवास विक्रेत्याचा बघायचा, कुलमुखत्याराचा नाही. पॅनकार्ड भारतातलं असलं म्हणून माणूस निवासी होत नाही. मालक त्या वर्षी भारतात किती दिवस होता, यावरून ते ठरतं.

मग आकडा आला. घर घेऊन बारा वर्षं झालेली, म्हणजे दीर्घकालीन नफा. दर साडेबारा टक्के, नव्वद लाखांवर अधिभार आणि उपकर धरून १४.३ टक्के. म्हणजे बारा लाख सत्त्याऐंशी हजार. मी धरून चाललो होतो नव्वद हजार!

बरं, भावाचा खरा नफा बेचाळीस लाखांचा, त्यावर कर साडेपाच लाखांच्या आसपास. पण हे मी ठरवायचं नसतं. भावाने कमी दराच्या कपातीचं प्रमाणपत्र आयकर अधिकाऱ्याकडून आणायचं, तोवर मी थांबायचं. ते नसेल तर पूर्ण किमतीवर कापायचं. आणि भरणा 26QB ने नव्हता. तेव्हाच्या नियमाने कर कापणाऱ्याचा नंबर, म्हणजे टॅन, काढायचा होता आणि 27Q हे विवरणपत्र भरायचं होतं.

एजंटला फोन लावला. तो म्हणतो, “साहेब, सगळे एक टक्काच कापतात.” सगळे! उद्या नोटीस आली की हे सगळे माझ्याबरोबर उभे राहणार आहेत का? कमी कापलं तर थकबाकीदार मी, दरमहा एक टक्का व्याज माझ्या डोक्यावर. टोरोंटोतल्या माणसाकडे जाण्याआधी आयकर खातं माझ्याकडे येणार, कारण मी हाताशी आहे, मुलुंडला. एजंटची दलाली मात्र तोवर खिशात.

आणि माझे ते दहा हजार? काकांच्या 26AS मध्ये, म्हणजे त्यांच्या नावावर जमा कराच्या हिशोबात, निवांत बसलेत. काकांनी घर विकलेलं नाही, भावाला त्या दहा हजारांचा फायदा नाही. काका म्हणतात, “अरे, घरातच आहेत की.” घरातच म्हणे!

आता थट्टा पुरे. टोकन देण्याआधी विचारायचं होतं मी, “मालक कुठे राहतात आणि पॅन कुणाचा?” दोन प्रश्न, दोन मिनिटं. लाज वाटली मला, काकांचा चहा प्यायलो होतो म्हणून. आणि एजंटांनो, तुम्हाला सगळं ठाऊक असतं. मालक परदेशात आहे हे ठाऊक, कुलमुखत्यारपत्र कुठून आलं ते ठाऊक. तरी “काही नाही हो, रुटीन आहे” म्हणत लोकांना सह्यांना बसवता. प्रमाणपत्राला वेळ लागेल, डील लांबेल, एवढीच तुमची भीती. आता डील तसंही लांबलंयच. भावाचा अर्ज कालपर्यंत गेला नव्हता.