जूनमध्ये किती खिडक्या उघडायच्या, हे रजिस्टर का सांगत नाही

निकाल लागले की नागपुरात दाखल्यांसाठी गर्दी सुरू होते. उन्हाचा पारा चढायच्या आत काम उरकावं म्हणून लोक सकाळीच येतात. खिडक्या किती लावायच्या याचा हिशेब मात्र बहुतेक ठिकाणी दिवसभराच्या सरासरीवर होतो, आणि तिथेच तो चुकतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. दाखल्यांचं केंद्र 10 ते 5 चालतं आणि एका अर्जाला सरासरी 5 मिनिटं लागतात. दिवसात 266 माणसं येतात, म्हणजे तासाला 38. आता 38 गुणिले 5 भागिले 60 केलं की साधारण 3.2 येतात, म्हणून साहेब म्हणतात, "चार खिडक्या पुरे."

पण माणसं तासाला 38 अशी येतच नाहीत. ती येतात 54, 66, 48, 24, 30, 24, 20 अशी. चार खिडक्या तासाला 48 अर्ज घेतात. म्हणून 11 वाजता 6 जण उरतात आणि 12 वाजता 24. त्या वेळी रांगेत लागणाऱ्याला अर्धा तास उभं राहावं लागतं. दुपारी 1 ते 2 मध्ये जेवणासाठी दोन खिडक्या बंद झाल्या की ते 24 तसेच राहतात, आणि रांग संपायला सव्वातीन वाजतात. सकाळच्या दोन तासांची तूट माणसं दुपारपर्यंत भोगतात.

आता यातली सगळ्यात घातक गोष्ट. हे केंद्र रजिस्टरमध्ये झालेले अर्ज लिहितं. त्यात दिसतं 48, 48, 48, 24, 48, 30, 20. बेरीज तीच 266, पण 66 चा तास कुठेच नाही, कारण चार खिडक्यांतून 48 च्या वर आकडा जाऊच शकत नाही. लागोपाठ दोन-तीन तास एकच आकडा दिसला की समजा, ती गर्दी नाही, ती तुमच्या खिडक्यांची क्षमता आहे. मोजणी दारावर हवी: माणूस आत आला की टोकन, आणि टोकनवर वेळ. शटर उघडण्याआधी बाहेर उभे असलेलेही पहिल्या तासात धरा. रांग पाहून परत गेलेले कुठेच नोंदले जात नाहीत, तेही एखादा आठवडा दारावरच मोजा.

पाच मिनिटांचंही तसंच. घड्याळ नंबर पुकारल्यापासून सुरू करा आणि खुर्ची रिकामी झाल्यावर थांबवा. कागद काढणं, सर्व्हर फिरत राहणं, "झेरॉक्स घेऊन येतो" हे सगळं त्यात येतं. फक्त टायपिंगचा वेळ धरला तर 3 मिनिटं येतील आणि पुढचा सगळा हिशेब खोटा पडेल.

मग 11 ते 12 साठी किती? 66 गुणिले 5 भागिले 60 म्हणजे 5.5. याचा अर्थ साडेपाच माणसांचं काम. सहा खिडक्या लावून मोकळं व्हावंसं वाटतं, पण लोक ठरावीक अंतराने येत नाहीत. एकदम आठ जण येतात, मग चार मिनिटं कोणीच नाही. त्या रिकाम्या चार मिनिटांत वाया गेलेला वेळ परत मिळत नाही. टेलिफोन एक्स्चेंजसाठी डेन्मार्कचे गणितज्ञ एर्लांग यांनी 1917 मध्ये मांडलेलं सूत्र इथेही चालतं. त्याने सहा खिडक्यांवर सरासरी प्रतीक्षा जवळपास 8 मिनिटं येते, सातवर दीड मिनिट. पाच खिडक्यांवर मात्र रांग वाढतच जाते. सूत्र नको असेल तर कामाच्या आकड्यात त्याच्या वर्गमूळाचं निम्मं मिळवा: 5.5 अधिक 1.2, म्हणजे 6.7, म्हणजे सात. पहिल्या तासाला 4.5 अधिक 1.1, म्हणजे सहा. दुपारी 3 नंतर मात्र तीन-चार पुरतात.

म्हणजे दिवसभर सात माणसं नकोत. 10 ते 1 मध्ये तीन जास्तीची माणसं द्या. ती मागच्या टेबलावरून आणता येतात, कारण तपासणीचं काम दुपारी करता येतं. शिवाय प्रत्येक खिडकी तासाला 10 मिनिटं चहा-पाण्यासाठी रिकामी राहत असेल, तर सात खिडक्यांची 70 मिनिटं होतात. म्हणजे किमान एक बदली माणूस लागतोच.

माझं आग्रहाचं मत: सातवी खिडकी मिळत नसेल तर दारावर कागद तपासणारा एक माणूस बसवा. समजा तीनपैकी दोघांचे कागद पुरे असतात आणि त्यांना 3 मिनिटं लागतात, तिसऱ्याला 9. सरासरी 5 येते ती त्या तिसऱ्यामुळे. त्याच्याकडे उत्पन्नाचा पुरावा कमी आहे हे खिडकीवर नव्हे, दारातच कळलं आणि सरासरी 4 वर आली, तर 66 माणसांचं काम 4.4 होतं. मग सहा खिडक्यांवरच प्रतीक्षा दीड मिनिटाच्याही खाली जाते. पण हे सगळे आकडे एका सामाईक रांगेचे आहेत. खिडकीगणिक वेगळी रांग लावली, तर एका खिडकीवर नऊ मिनिटांच्या माणसामागे पाच जण अडकतात आणि शेजारची खिडकी रिकामी बसते.