बेरीज १० सेमी, मग AD कुठून आलं?

वाचकाची प्रतिक्रिया: "रचनेच्या प्रश्नात मार्क आकृतीला मिळतात. तुम्ही प्रत्येक पायरीला कारण जोडून मुलांचा वेळ घालवता. पायऱ्यांचा क्रम पाठ करा, कंस नीट मारा, झालं. कच्ची आकृती तर कुणी तपासतही नाही. इतकं लांबण लावायची गरज काय?"

नमस्कार. मी बरीच वर्षं रचनेचे पेपर तपासतो आहे, आणि मुलांचे मार्क जिथे जातात ती जागा तुम्ही म्हणता तिथे नसते. म्हणून एकच प्रश्न घेऊन सविस्तर लिहितो.

△ABC काढा. BC = ६ सेमी, ∠B = ६०° आणि AB + AC = १० सेमी.

अडचण अशी की AB किती आणि AC किती, हे दिलेलंच नाही. दोघांची मिळून लांबी दिली आहे. बेरीज मोजपट्टीवर मोजता येते, पण ती कागदावर एकसलग रेघ म्हणून मांडता आली तरच. सगळी रचना या एका गरजेतून येते. कच्ची आकृती काढायची ती यासाठीच. हाताने एक त्रिकोण काढा आणि BA ही बाजू A च्या पुढे AC इतकीच लांबवा. टोकाला D म्हणा. आता AD = AC, म्हणून BD = AB + AC = १० सेमी. बेरीज एका रेघेवर आली. ही आकृती कुणी तपासत नाही हे खरं, पण पक्क्या आकृतीत काय आधी काढायचं हे तीच सांगते: A माहीत नसला तरी D माहीत आहे.

आता पक्की आकृती. पहिली पायरी, रेख BC ६ सेमी. एवढी एकच बाजू पूर्ण दिलेली आहे, म्हणून सुरुवात इथून.

दुसरी पायरी, B पाशी ६०° चा किरण BX. B केंद्र धरून एक कंस मारा, तो BC ला P मध्ये छेदेल. कंपासचं अंतर न बदलता त्याचं टोक P वर ठेवा आणि त्या कंसाला Q मध्ये छेदा. BP, BQ आणि PQ तिन्ही एकाच त्रिज्येचे, म्हणजे त्रिकोण समभुज, म्हणून कोन ६०°. त्रिज्या कितीही घेतली तरी कोन तोच येतो, पण मी मुलांना किमान ५ सेमी घ्यायला सांगतो. २ सेमी त्रिज्येवर Q अर्धा मिलिमीटर सरकला तर कोन जवळजवळ दीड अंशाने चुकतो आणि १० सेमी अंतरावर D सुमारे अडीच मिलिमीटर बाजूला जातो. ५ सेमी त्रिज्येवर तीच चूक D पाशी एक मिलिमीटर उरते.

तिसरी पायरी, BX वर BD = १० सेमी. याचं कारण वर आलंच. कंपास मोजपट्टीवर १० सेमी उघडून B पासून कंस मारावा. मोजपट्टी किरणावर ठेवून पेन्सिलीने ठिपका दिला तरी चालेल, पण शून्याची खूण नेमकी B वर हवी. मोजपट्टीची कड आणि शून्य एकच असं समजून बरीच मुलं इथेच चुकतात.

चौथी पायरी, रेख DC जोडा. पाचवी, DC चा लंबदुभाजक काढा. तो BD ला छेदेल तिथे A. सहावी, AC जोडा.

लंबदुभाजकच का? आपल्याला BD वरचा असा बिंदू हवा की ज्यापासून D आणि C सारख्याच अंतरावर असतील. दोन बिंदूंपासून समान अंतरावरचे सगळे बिंदू त्यांच्या लंबदुभाजकावर असतात, बाकी कुठेही नसतात. म्हणून A तिथेच सापडणार. AD = AC झालं की AB + AC = AB + AD = BD = १० सेमी. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला रचना समजली. कारण माहीत असलं की आणखी एक गोष्ट दिसते: A मिळवण्यासाठी रेख DC काढण्याची गरजच नाही. लंबदुभाजकाला फक्त D आणि C हे दोन बिंदू लागतात. DC जोडायची ती △ADC समद्विभुज आहे हे दाखवण्यासाठी. पाठ केलेल्या मुलाला सगळ्या रेघा सारख्याच महत्त्वाच्या वाटतात.

पाचव्या पायरीवर जरा थांबतो, कारण "कंस नीट मारा" एवढ्या सल्ल्यात तिचं काम भागत नाही. DC सुमारे ८.७ सेमी येते. पुस्तकी नियम असा की त्रिज्या निम्म्याहून जास्त घ्या, म्हणजे ४.४ पेक्षा जास्त. एका मुलीची उत्तरपत्रिका आठवते. तिने जेमतेम ४.६ सेमी घेतली होती. नियम पाळला होता, तरीही A दीड-दोन मिलिमीटर चुकला होता. तिचे कंस एकमेकांना इतक्या निमुळत्या कोनात छेदत होते की छेदनबिंदू ठिपक्याऐवजी लांबट डाग दिसत होता. शिवाय दोन्ही छेदनबिंदू DC पासून दीड सेंटीमीटरच दूर होते, आणि A मात्र DC पासून सव्वातीन सेंटीमीटरवर. म्हणजे दोन जवळच्या बिंदूंमधून रेघ काढून ती बाहेर दुप्पट लांब ओढायची. जवळची चूक पुढे वाढतच जाते. तिला तीच रचना ६ ते ७ सेमी त्रिज्येने पुन्हा करायला लावली. आता कंस जवळजवळ काटकोनात छेदले आणि A दोन छेदनबिंदूंच्या मध्ये आला. रेघ बाहेर ओढावी लागली नाही आणि बिंदू बरोबर बसला. "निम्म्याहून जास्त" हा नियम कंस एकमेकांना भेटावेत एवढ्यासाठीच आहे. ते कुठे आणि कोणत्या कोनात भेटावेत, ते आकृती पाहून ठरवावं लागतं.

आता तुमच्या पाठांतराच्या मुद्द्याकडे येतो. प्रश्नात एकच शब्द बदला: BC = ६ सेमी, ∠B = ६०°, AC − AB = २ सेमी. पाठ केलेला क्रम सांगतो की फरक दिला असेल तर BX वर BD = २ सेमी घ्या, DC जोडा, लंबदुभाजक काढा. मी हा प्रश्न वर्गात दिला तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी तेच केलं. लंबदुभाजक किरणाला छेदेना. काहींनी किरण वाढवला, काहींनी पानाच्या कडेपर्यंत नेला, आणि दोघांनी "प्रश्न चुकीचा आहे" असं लिहून दिलं. वास्तविक ती रेघ किरणाला B पासून १६ सेमीवर छेदते. तिथे मिळणारा त्रिकोण AB − AC = २ चा असतो, म्हणजे वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर.

कच्ची आकृती काढली असती तर एका मिनिटात कळलं असतं. AC मोठी आहे, AC = AB + २. म्हणजे AB ही AC इतकी करायची तर तिच्यात २ सेमी जोडायला हवेत. A अजून माहीत नाही, म्हणून ते जोडायचे B च्या टोकाला, किरण BX च्या विरुद्ध दिशेने, BC च्या खालच्या बाजूला. तिथे BD = २ घेतलं की AD = AB + २ = AC, आणि पुन्हा तोच DC चा लंबदुभाजक. या वेळी A हा B पासून ३.२ सेमीवर येतो, AC ५.२ सेमी, पानावर सुखाने मावतो. फरक दिला की D कधी वर, कधी खाली. पाठांतरात ते "प्रकार दोन अ" आणि "प्रकार दोन ब" होतं आणि परीक्षेच्या गडबडीत उलटं आठवतं. कारण माहीत असणाऱ्याला आठवावं लागत नाही.

बेरीज BC पेक्षा कमी दिली तर काय, हेही कारणच सांगतं. बेरीज ५.५ घेऊन करून पाहा. लंबदुभाजक BX ला छेदतच नाही, B च्या मागे वाढवलेल्या रेघेला छेदतो. ६ सेमीच्या पायावर मिळून ५.५ सेमी भरणाऱ्या दोन बाजू भेटणारच नाहीत, आणि तसा त्रिकोण होत नाही हे आकृती स्वतःच दाखवते. इथे "प्रश्न चुकीचा" लिहिणारा मुलगा बरोबर ठरतो, मगाचे दोघे चूक ठरतात. दोघांच्या पानावरचं दृश्य मात्र जवळजवळ सारखंच दिसतं.

एका बाबतीत तुमचं म्हणणं मला मान्य आहे. परीक्षेत प्रत्येक कंसामागचं कारण लांबलचक लिहीत बसू नये. ६०° च्या कोनाचं समर्थन वेगळं विचारलं नसेल तर लिहू नये. पायऱ्या सहा ओळींत, आणि शेवटी एक ओळ: A हा DC च्या लंबदुभाजकावर आहे, म्हणून AD = AC, म्हणून AB + AC = BD. कंस पुसू मात्र नयेत, तपासणारा तेच शोधत असतो. आकृती देखणी दिसावी म्हणून खोडरबर फिरवणाऱ्या मुलांचे हाती आलेले मार्क जातात.

आणि ताळा करायचा तर दोन वेळा करावा. AB आणि AC मोजली तर सुमारे ४.६ आणि ५.४ येतात, बेरीज १०. A एक मिलिमीटर सरकला तर बेरजेत सव्वा मिलिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो, म्हणजे लंबदुभाजकाची चूक इथे पकडली जाते. पण किरणच ६१° चा निघाला असेल, तरी बेरीज बरोबर १० येणार, कारण BD तर १० च घेतलं आहे. म्हणून कोनमापक B वर ठेवून कोन वेगळा मोजायचा. माझ्या वर्गात बेरीज जुळल्यावर निश्चिंत होणारी मुलं बरीच असतात, आणि त्यांच्या कोनात अंश-दोन अंशांची चूक मला दर वेळी सापडते.